हप्ते चुकले, मधेच पैसे काढले: म्युच्युअल फंडाचा खरा परतावा एक्सेलमध्ये XIRR ने कसा काढायचा

सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या माझ्या मावसभावाचं उत्पन्न महिन्याला सारखं नसतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत हात मोकळा होतो, पावसाळ्यात विक्री मंदावते आणि जूनमध्ये पोरांच्या फिया दारात उभ्या असतात. त्याने एका इक्विटी फंडात महिन्याला ५,००० रुपयांची एसआयपी लावली आहे. ती त्याच्या उत्पन्नासारखीच चालली आहे. काही महिने खात्यात पैसे नव्हते म्हणून हप्ता गेला नाही, गड्ड्यानंतर एकदम ४०,००० टाकले आणि फीसाठी मधेच ३०,००० काढले.

डिसेंबर २०२४ अखेर त्याने हिशोब मांडला. एकूण भरले १,२५,०००. काढले ३०,०००. शिल्लक युनिट्सची किंमत १,०८,५२७. म्हणजे नफा १३,५२७ रुपये. भरलेल्या रकमेवर तो १०.८२ टक्के होतो. पहिला हप्ता १० एप्रिल २०२३ चा, म्हणजे सगळा काळ पावणेदोन वर्षांचा. चक्रवाढीने मांडलं तर वर्षाला ६.१ टक्के. "एवढ्यासाठी कशाला जोखीम घ्यायची? एफडी केली असती तर बरं झालं असतं की," असं तो म्हणाला.

त्याच नोंदी एक्सेलमधल्या XIRR या सूत्राला दिल्या तर उत्तर येतं १३.६ टक्के. आकडे तेच आणि दर दुपटीहून जास्त. हा फरक कुठून येतो ते आधी पाहू. ते कळलं की एक्सेलचं काम तासाभराचंही नाही.

भागलं कशाने, यातच गोम आहे

६.१ टक्क्यांच्या हिशोबात असं गृहीत धरलं आहे की सगळे १,२५,००० रुपये पहिल्या दिवसापासून फंडात होते. प्रत्यक्षात १० एप्रिल २०२३ ला तिथे फक्त ५,००० होते. ४०,००० आले ते नऊ महिन्यांनी. डिसेंबर २०२४ चा हप्ता तर मोजणीच्या दिवशी जेमतेम तीन आठवड्यांचा होता. त्याने काय कमावलं असेल?

उधारीच्या खात्यावर व्याज लावणारा व्यापारी हे बरोबर मोजतो. जितकी रक्कम जितके दिवस बाहेर राहिली, तितकंच व्याज. तोच हिशोब इथे लावू. प्रत्येक रकमेला ती फंडात राहिली त्या दिवसांनी गुणायचं, काढलेल्या रकमेचे दिवस वजा करायचे आणि सगळ्याची बेरीज घ्यायची. मावसभावाच्या नोंदींची बेरीज ३,५७,९५,००० रुपया-दिवस येते. पहिल्या हप्त्यापासून मोजणीपर्यंतच्या ६३१ दिवसांनी तिला भागलं की कळतं, सरासरी फक्त ५६,७२७ रुपये फंडात काम करत होते. १,२५,००० नव्हे.

या सरासरी रकमेवर १३,५२७ रुपये मिळाले. सरळव्याजाने पाहिलं तर वर्षाला १३.८ टक्के. XIRR चं १३.६ त्याच्या अगदी जवळ आहे. थोडं कमी दिसतं, कारण XIRR चक्रवाढ धरतं.

आणखी एक गोष्ट या बेरजेत दिसते. एकूण रुपया-दिवसांपैकी अडतीस टक्के वाटा एकट्या त्या ४०,००० चा आहे. शेवटच्या चार हप्त्यांचे मिळून २०,००० रुपये गेले, पण त्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी. म्हणून या माणसाचा परतावा कसा आला, याचं बरंचसं उत्तर जानेवारी २०२४ मध्ये टाकलेल्या रकमेचं काय झालं यात आहे. हे कोणत्याही फंडाच्या जाहिरातीत सापडणार नाही. तिथे छापलेला परतावा फंडाचा असतो. XIRR तुमच्या पैशांचा परतावा सांगतं, तुम्ही ते टाकले आणि काढले त्या तारखांसकट.

नोंदी कुठून आणायच्या

बँकेच्या पासबुकातून एकेक ओळ शोधत बसू नका. फंडांसाठी गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या संकेतस्थळावरून एकत्रित खातेउतारा मागवा. पॅन आणि फंडात नोंदवलेला ईमेल दिला की पासवर्ड लावलेली पीडीएफ मेलवर येते. मागवताना दोन गोष्टी पाहा. उतारा संक्षिप्त नको, सविस्तर हवा. आणि कालावधी पहिल्या हप्त्याच्याही आधीपासूनचा द्या. लोक बहुधा चालू आर्थिक वर्षाचाच उतारा मागवतात. त्यात जुन्या खरेदी नसतात, फक्त सुरुवातीची युनिट्स दिसतात, आणि त्यावरून XIRR निघत नाही.

उतारा हातात आला की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: या दिवशी माझ्या खिशातून फंडात पैसे गेले की फंडातून माझ्या खिशात आले? गेले असतील तर उणे चिन्ह, आले असतील तर अधिक. दोन्हीपैकी काहीच नसेल तर ती ओळ लिहायचीच नाही. बहुतेक शंका या एका प्रश्नाने मिटतात.

हप्ता ५,००० चा असला तरी उताऱ्यात खरेदी ४,९९९.७५ ची दिसेल. उरलेले पंचवीस पैसे मुद्रांक शुल्काचे. ते ०.००५ टक्के दराने १ जुलै २०२० पासून कापलं जातं. तुमच्या खिशातून ५,००० गेले, म्हणून लिहायचे ५,०००.

हप्ता परत गेला असेल, तर काही उताऱ्यांत आधी खरेदीची ओळ दिसते आणि खाली ती रद्द झाल्याची. दोन्ही सोडून द्या. एकच उचलली तर हिशोब बिघडतो. हप्ता परत गेला म्हणून बँकेने लावलेला दंड फंडाच्या परताव्यात धरायचा नाही. पण तो किती वेळा बसला हे वेगळं लिहून ठेवा. ५,००० च्या हप्त्यावर असा दंड फार महाग पडतो.

पैसे काढले असतील तर बँकेत जमा झालेली रक्कम लिहा. आपल्या उदाहरणात हा मुद्दा नुसता तांत्रिक नाही. फंड नेहमी सर्वात जुनी युनिट्स आधी विकतो. २० जून २०२४ ला वर्ष उलटलेले हप्ते तीनच होते, एप्रिल, मे आणि जून २०२३ चे. ३०,००० भरायला ते पुरत नाहीत, म्हणून वर्षाच्या आतली युनिट्सही विकली गेली. बऱ्याच इक्विटी फंडांत वर्षाच्या आत विकलेल्या युनिट्सवर एक टक्का एक्झिट लोड बसतो. तो कापून हातात जे आलं तेच खरं, आणि XIRR ला तेच द्यायचं.

लाभांश बँकेत आला असेल तर अधिक चिन्हाने लिहा. त्याच फंडात पुन्हा गुंतवला गेला असेल तर काही लिहू नका, तो शेवटच्या किमतीत येतोच. एका योजनेतून दुसरीत पैसे वळवले असतील तर आपण काय मोजतोय ते आधी ठरवावं लागतं. एकाच योजनेचा दर काढायचा असेल तर वळवणं हे तिच्यापुरतं पैसे काढणंच आहे, म्हणून अधिक. सगळ्या योजनांचा मिळून दर हवा असेल तर पैसे घराबाहेर गेलेच नाहीत, म्हणून नोंद नाही.

तक्ता

नवी शीट उघडा. `A` स्तंभात तारीख, `B` मध्ये रक्कम, पहिल्या ओळीत शीर्षकं. मावसभावाच्या नोंदी अशा आहेत:

```
     A            B
1    Tarikh       Rakkam
2    10-04-2023   -5000
3    10-05-2023   -5000
4    12-06-2023   -5000
5    10-07-2023   -5000
6    10-08-2023   -5000
7    10-11-2023   -5000
8    11-12-2023   -5000
9    10-01-2024   -5000
10   25-01-2024   -40000
11   12-02-2024   -5000
12   11-03-2024   -5000
13   10-04-2024   -5000
14   10-05-2024   -5000
15   10-06-2024   -5000
16   20-06-2024   30000
17   10-09-2024   -5000
18   10-10-2024   -5000
19   11-11-2024   -5000
20   10-12-2024   -5000
21   31-12-2024   108527
```

हप्त्याची तारीख १० असली तरी काही ठिकाणी ११ किंवा १२ दिसते. त्या महिन्यांत १० तारखेला शनिवार-रविवार होता आणि युनिट्स सोमवारच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या त्या दिवसाच्या भावाने मिळाली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ आणि जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये हप्ता गेला नाही, तर त्या महिन्यांच्या ओळीच नाहीत. जागा रिकामी ठेवायची नाही आणि शून्यही भरायचा नाही.

शेवटची ओळ समजून घ्या, कारण पहिल्यांदा करणारे बरेच जण तिथेच अडतात. ३१ डिसेंबरला कोणी काही विकलेलं नाही. तरी XIRR ला गोष्टीचा शेवट लागतो, म्हणून आपण असं धरतो की त्या दिवशी सगळी युनिट्स विकून १,०८,५२७ हातात आले. शिल्लक युनिट्स गुणिले त्याच दिवसाची एनएव्ही, ही ती रक्कम. युनिट्स आजची आणि एनएव्ही गेल्या आठवड्याची असं करू नका.

आता एखाद्या रिकाम्या चौकटीत, समजा `E1` मध्ये, हे टाइप करा:

```
=XIRR(B2:B21,A2:A21)
```

आधी रकमा, मग तारखा. क्रम उलटा झाला तर उत्तर येणार नाही. एंटर दाबल्यावर 0.136 दिसेल. चौकटीला टक्केवारीचं स्वरूप देऊन दोन दशांश स्थळं ठेवली की 13.60% होतं.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक रक्कम तिच्या तारखेपासून एका ठरावीक वार्षिक दराने वाढवली, तर कोणत्या दराला सगळ्या उणे-अधिकची बेरीज शून्य होते, तो दर एक्सेल शोधतं. वर्ष ३६५ दिवसांचं धरतं, लीप वर्षातही. हा दर सरळ सूत्राने निघत नाही. एक्सेल १० टक्क्यांपासून अंदाज सुरू करतं आणि उत्तर जुळेपर्यंत तो सुधारत जातं.

उत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवायची गरज नाही, पडताळा आपणच घेऊ शकतो:

```
=SUMPRODUCT(B2:B21,(1+E1)^((A21-A2:A21)/365))
```

याचं उत्तर शून्य किंवा शून्याला चिकटून असलेला एखादा किरकोळ आकडा यायला हवा. शेकड्यात किंवा हजारात आलं तर XIRR चा आकडा खोटा आहे, तो कितीही चांगला दिसत असला तरी. ही ओळ शीटमध्ये कायम ठेवा. आधी सांगितलेली रुपया-दिवसांची बेरीजही एका सूत्राने निघते:

```
=SUMPRODUCT(-B2:B20,A21-A2:A20)
```

तारखांचा घोळ

माझ्याकडे लोक XIRR च्या ज्या शीट घेऊन येतात, त्यात सगळ्यात जास्त गडबड तारखांची असते. आणि ती वाईट अशासाठी की बऱ्याचदा एक्सेल तक्रारच करत नाही.

संगणकाची तारीख-पद्धत अमेरिकन असेल, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, तर 10-04-2023 हे एक्सेल ४ ऑक्टोबर वाचतं. आपल्या तक्त्यात काय होईल पाहा. १० तारखेचा प्रत्येक हप्ता ऑक्टोबरात जाऊन बसतो. एप्रिलचा ४ ऑक्टोबरला, मेचा ५ ऑक्टोबरला, जुलैचा ७ ऑक्टोबरला. फक्त 25-01-2024, 20-06-2024 आणि 31-12-2024 या तारखा एक्सेलला पटत नाहीत, कारण पंचविसावा महिना नसतो. त्या तो साधा मजकूर म्हणून ठेवतो आणि सूत्र `#VALUE!` दाखवतं.

आता माणूस काय करतो? ज्या तीन तारखा चुकीच्या वाटतात तेवढ्याच दुरुस्त करतो. `#VALUE!` जातं, उत्तर येतं आणि तो खूश होतो. ते उत्तर १३.६ नसून सव्वाअठरा टक्क्यांच्या आसपास असतं, कारण चुकीच्या तारखांमुळे पैसे फंडात कमी दिवस होते असं दिसतं. इथे वरचा पडताळाही शून्यच देईल. गणित बरोबर आहे, तारखा खोट्या आहेत.

ओळखायचं कसं? शेजारच्या स्तंभात हे लिहून खाली ओढा:

```
=TEXT(A2,"dd-mmm-yyyy")
```

यात महिन्याचं नाव अक्षरात दिसतं. ओळीने Apr, May, Jun येत असेल तर ठीक. Oct, Oct, Dec, Oct दिसलं तर काय झालंय ते कळलंच. 25-01-2024 जशीच्या तशी राहिली तर ती मजकूर आहे. आणखी एक खूण अशी की चौकटीचं संरेखन बदललेलं नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे.

दुरुस्ती तुकड्यातुकड्याने करू नका, स्तंभ पुसून पुन्हा भरा. आधी रिकामा `A` स्तंभ निवडून त्याला `Text` हे स्वरूप द्या आणि मग उताऱ्यातल्या तारखा चिकटवा. आता सगळ्याच मजकूर आहेत, म्हणजे एक्सेलने अजून कशाचाही अर्थ लावलेला नाही. त्या तारखा निवडून `Data` मध्ये `Text to Columns` घ्या, दोनदा `Next` करा, तिसऱ्या पायरीवर `Date` निवडून शेजारी `DMY` ठेवा आणि `Finish` दाबा. मग महिन्याची नावं पुन्हा तपासा. चौकटीत पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका. एक्सेल तारीख आतून तशीच साठवतं, १० एप्रिल २०२३ म्हणजे त्याच्या लेखी 45026. स्वरूप तारखेचं केलं की पुन्हा तारीख दिसते.

बाकीचे बिघाड

`#NUM!` आलं तर आधी चिन्हं बघा. सगळ्या रकमा अधिक किंवा सगळ्या उणे असतील तर दर निघूच शकत नाही. शेवटची किंमत लिहायची राहिली की नेमकं हेच होतं. चिन्हं ठीक असतील तर नोंदींची पहिली ओळ बघा. तिथे सर्वात जुनी तारीखच हवी. त्यानंतरच्या ओळी मागेपुढे असल्या तरी चालतं, पण पहिलीच्या आधीची तारीख खाली कुठे सापडली की XIRR थांबतं.

एखाद्याच ओळीचं चिन्ह चुकलं किंवा एखादी ओळच राहिली तर एक्सेल काही बोलत नाही. आपल्या तक्त्यात ३०,००० काढल्याची ओळ विसरलो तर दर येतो उणे साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. एका ओळीने नफ्याचं नुकसान झालं. म्हणून XIRR बघायच्या आधी नुसती बेरीज बघायची सवय लावा:

```
=SUM(B2:B21)
```

ही बेरीज म्हणजे तुमचा रुपयांतला नफा. इथे ती 13527 आली पाहिजे. बेरीज अधिक आणि XIRR उणे, किंवा उलट, असं दिसलं तर कुठेतरी गडबड नक्की आहे.

कधी उत्तर थेट 0.00% येतं. स्वरूप बदलून पाहिलं तर 2.98E-09 असा चमत्कारिक आकडा दिसतो. हे शून्य टक्के परतावा नव्हे, एक्सेलला दर सापडला नाही इतकाच त्याचा अर्थ. नोंदींच्या पहिल्या ओळीत रकमेच्या जागी शून्य असेल तर हे होऊ शकतं. खरोखर तोटा असेल तेव्हाही कधीकधी होतं, कारण सुरुवातीचा १० टक्क्यांचा अंदाज खऱ्या दरापासून फार लांब पडतो. अशा वेळी तिसऱ्या जागी आपला अंदाज द्यायचा:

```
=XIRR(B2:B21,A2:A21,-0.1)
```

शून्याजवळच्या बेरजेचा तो पडताळा इथे उपयोगी पडतो. खोट्या उत्तराला तो लगेच उघडं पाडतो.

आकडा वाचताना

XIRR वार्षिक दर सांगतं, म्हणून वर्ष पूर्ण न झालेल्या गुंतवणुकीवर ते वापरायचं नाही. समजा १० डिसेंबरचे ५,००० रुपये ३१ डिसेंबरला ५,१०० झाले. एकवीस दिवसांत दोन टक्के. XIRR म्हणेल ४१ टक्के, कारण तोच वेग वर्षभर टिकला असं ते धरतं. बाजार तसं वचन देत नाही. काही ॲप नव्या गुंतवणूकदाराला महिन्याभरातच असा फुगलेला आकडा दाखवतात, आणि बाजार पडला की तितकाच भीतीदायक उणे आकडा. पहिल्या वर्षात रुपयांतला नफा-तोटा पाहावा, पुरे. आपल्या उदाहरणातली पावणेदोन वर्षंसुद्धा इक्विटी फंडासाठी थोडीच आहेत. १३.६ हा आतापर्यंतचा हिशोब आहे, पुढच्या वर्षाचा अंदाज नाही.

मावसभावाचा प्रश्न एफडीचा होता, त्याचं उत्तर आता देता येतं. फक्त दोन्ही दर एकाच मापात आणावे लागतात. बँकेचं व्याज बहुधा दर तिमाहीला चक्रवाढ होतं. सांगितलेला दर ७ टक्के असेल तर वर्षाचा प्रत्यक्ष दर ७.१९ टक्के पडतो. त्याच तारखांना त्याच रकमा या दराने ठेवल्या आणि जूनमध्ये तसेच ३०,००० काढले असं धरून पाहू:

```
=SUMPRODUCT(-B2:B20,(1+7.19%)^((A21-A2:A20)/365))
```

उत्तर सुमारे १,०२,१०० येतं. म्हणजे व्याज ७,१०० च्या आसपास, आणि फंडात मिळाले १३,५२७. तोंडी हिशोबाच्या ६.१ टक्क्यांवर गेलो असतो, तर ७ टक्क्यांची एफडी सरस वाटली असती. दोन्ही आकडे करापूर्वीचे आहेत, आणि कर दोन्हीकडे वेगळ्या पद्धतीने लागतो, हे लक्षात ठेवावं. करानंतरचा दर हवा असेल तर भरलेला कर ज्या तारखेला भरला त्या तारखेला उणे रक्कम म्हणून घाला.

फंड चांगला की वाईट, हे मात्र यातून कळत नाही. १३.६ टक्के फंड व्यवस्थापकाच्या हुशारीने आले की त्या काळात सगळाच बाजार चढला म्हणून आले? हे पाहायला तेच हप्ते एखाद्या निफ्टी ५० इंडेक्स फंडात गेले असते तर काय झालं असतं, ते काढावं लागतं. फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या संकेतस्थळावर जुन्या एनएव्ही मिळतात. ग्रोथ पर्यायाचीच एनएव्ही घ्या, आणि तुमचा फंड डायरेक्ट असेल तर तीही डायरेक्टचीच. एकेक तारखेची एनएव्ही `D` स्तंभात भरायची, एकविसाव्या ओळीसकट. मग:

```
=SUMPRODUCT(-B2:B20/D2:D20)*D21
```

प्रत्येक रकमेला किती युनिट्स मिळाली असती, काढताना किती गेली असती आणि उरलेल्यांची शेवटी किंमत काय झाली असती, हे सगळं यात येतं. ही किंमत थोडा वेळ `B21` मध्ये ठेवून XIRR पाहा आणि दोन दर शेजारी लिहा. फंडाच्या माहितीपत्रकातल्या तीन वर्षांच्या परताव्याशी स्वतःचा XIRR ताडून पाहण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. तो परतावा एकरकमी गुंतवणुकीचा असतो, आणि मावसभावाने पैसे तसे टाकलेच नाहीत.

पुढच्या महिन्याची नोंद करताना एकविसावी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली लिहू नका. तसं केलं तर ३१ डिसेंबरला सगळं विकलं आणि नंतर पुन्हा विकलं असा हिशोब होतो आणि दर आभाळाला भिडतो. एकविसाव्या ओळीवर उजवं बटण दाबून `Insert` करा, म्हणजे किमतीची ओळ खाली सरकते आणि XIRR च्या सूत्रातली व्याप्ती आपोआप `B22` पर्यंत वाढते. विसाव्या ओळीवर संपणाऱ्या सूत्रांत मात्र ती हाताने एकविसाव्या ओळीपर्यंत वाढवावी लागते. नवीन हप्ता मधल्या ओळीत लिहा, मग शेवटच्या ओळीतली तारीख आणि किंमत दोन्ही बदला. मावसभाऊ हे दर महिन्याला करत नाही. गड्डा उरकला की जानेवारीअखेर एकदाच बसतो. त्या दिवशी नवा उतारा मागवतो, वर्षभराच्या ओळी घालतो आणि `SUM` ची बेरीज उताऱ्याशी जुळल्याशिवाय XIRR च्या चौकटीकडे बघत नाही.